केकला घाम का फुटतो?



आपल्या भागात आता बऱ्याच बचत गटांनी वाढदिवसाच्या केकच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली आहे. स्पंज छान फुगतो, क्रीम छान फेटलं जातं, गुलाबही सुरेख काढले जातात. केक रात्रभर फ्रिजमध्ये नीट राहतो. आणि मग ऑर्डरवाल्यांच्या घरी, टेबलावर ठेवल्यावर, पाहुणे जमेपर्यंत त्याच्यावर बारीक बारीक थेंब दिसायला लागतात. लाल रंगात लिहिलेलं नाव ओघळतं. फोन येतो, "ताई, केकला घाम फुटलाय, शिळा होता का?"

केक शिळा नसतो. पण पाच वर्षांच्या लेकराच्या फोटोत ओघळलेलं नाव येतं, आणि पुढची ऑर्डर शहरातल्या बेकरीकडे जाते. म्हणून आज आम्ही केक कसा करायचा ते सांगणार नाही. फ्रिजच्या दारापासून टेबलापर्यंतचा जो तास-दोन तासांचा प्रवास असतो, तेवढ्याबद्दलच बोलणार आहोत.

आधी घाम म्हणजे काय ते पाहू. फ्रिजमधून स्टीलची बाटली काढून ओट्यावर ठेवली, की तिला बाहेरून पाणी सुटतं. ते पाणी बाटलीतलं नसतं, हवेतलं असतं. हवेत वाफ असते, ती गार वस्तूला लागली की तिचं पाणी होतं. केकचंही तसंच. फ्रिजमधून काढलेला केक साधारण चार-पाच अंशांवर असतो. त्याला बाहेरची दमट हवा लागली, की क्रीमवर थेंब धरतात.

यात ऋतूचा मोठा हात असतो. जुलैमध्ये हवा 28 अंशांवर असते आणि दमटपणा 85 टक्क्यांच्या आसपास असतो. अशा हवेत 25 अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूला घाम फुटतो. म्हणजे केक जवळजवळ खोलीइतका कोमट होईपर्यंत तो थेंब धरतच राहणार. याउलट मे महिन्यात मराठवाड्यात किंवा विदर्भात हवा 40 अंशांवर आणि दमटपणा 15 टक्के असेल, तर साधारण आठ-नऊ अंशांच्या खाली असलेल्या वस्तूलाच घाम येतो. म्हणजे केक बाहेर काढल्यावर थोडा वेळच थेंब धरतील आणि वाळूनही जातील. पण त्या उन्हाळ्यात दुसरं संकट असतं. क्रीम मऊ पडतं, गुलाब बसतात, केकच्या बाजू पोट सुटल्यासारख्या फुगतात.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. पावसाळ्यात आणि कोकणात बाराही महिने आपली लढाई घामाशी, आणि देशावरच्या उन्हाळ्यात मऊपणाशी. या दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, म्हणूनच गोंधळ होतो. घाम टाळायचा तर केक हळूहळू बाहेरच्या हवेइतका होऊ द्यावा लागतो. मऊपणा टाळायचा तर तो गारच ठेवावा लागतो. मग करायचं काय? ते केकवर कोणतं क्रीम आहे यावर ठरतं.

आपल्याकडे बहुतेक ऑर्डरी व्हिपिंग क्रीमच्या असतात. पाकिटात गोठलेलं मिळतं, फ्रिजमध्ये वितळवून गार असतानाच फेटतो, ते. ते बहुधा वनस्पती तेलाचं असतं. ते दुधाच्या सायीच्या क्रीमपेक्षा थोडा जास्त वेळ तग धरतं, पण हवेवर उभं असल्यामुळे त्याला गारवाच लागतो. दुधाच्या क्रीमला तर त्याहून जास्त. दुसरा प्रकार बटरक्रीमचा. बटर आणि आयसिंग शुगर फेटून केलेलं. ते फ्रिजमध्ये साबणाच्या वडीसारखं घट्ट होतं आणि बाहेर आल्यावरच मऊ, खाण्याजोगं होतं.

म्हणून दोन वेगळे रस्ते. व्हिपिंग क्रीमचा केक गारच टेबलावर जायला हवा आणि लगेच कापला जायला हवा, म्हणजे घामाला वेळच मिळत नाही. बटरक्रीमचा केक आधीच काढून ठेवायला हवा, पण बंद डब्यात.

बंद डबा म्हणताना त्यामागचं कारण सांगतो. केक उघडा काढला, की दमट हवा थेट क्रीमला लागते. तोच केक फ्रिजमध्ये असतानाच खोक्यात घालून झाकण लावलं, आणि मग खोकं बाहेर काढलं, तर बाहेरची हवा खोक्याला लागते. थेंब खोक्याच्या बाहेरच्या बाजूला धरतात. आतमध्ये फक्त फ्रिजची गार हवा असते, तिच्यात वाफ फार कमी असते. घाम फुटतो तो खोक्याला, केकला नाही. म्हणून खोक्याचं झाकण फ्रिजच्या आतच लावायचं, ओट्यावर आणून नाही. खोकं पुठ्ठ्याचं असेल आणि त्याला फटी असतील, तर बाहेरून एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी घालून तोंड बांधायचं. पुठ्ठा ओला होऊन मऊ पडतो, तेव्हा खोकं नेहमी तळाला हात घालून धरायचं, कडेला धरून नाही.

आता एक ऑर्डर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. जुलै महिना आहे. एक किलोचा पायनॅपल केक, व्हिपिंग क्रीमचा. नाव लाल जेल रंगात लिहायचं आहे. केक रात्री आठला कापायचा आहे आणि गाव नऊ किलोमीटरवर आहे. तिथे फ्रिज आहे की नाही, हे ऑर्डर घेतानाच विचारून ठेवलं आहे. नाही.

क्रीम लावून, गुलाब काढून केक दुपारी बाराला फ्रिजमध्ये गेला. कमीत कमी चार तास तो आत राहायला हवा, म्हणजे मधला स्पंजही गार होतो. वरवर गार आणि आत कोमट केक रस्त्यात लवकर बसतो. घाई म्हणून फ्रीजरमध्ये ठेवू नका. उणे अंशांवरून आलेला केक बाहेर जास्त वेळ घाम धरतो, आणि आतला बर्फ वितळून क्रीमही चिरतं.

लाल नाव आणि रंगीत साखरेचे मणी मात्र दुपारी घालायचे नाहीत. जेल रंग पाण्यात विरघळतो, म्हणून थेंब पडला की तो ओघळतो. नाव साडेपाचला लिहायचं. फ्रिजचं दार उघडं ठेवून नव्हे, केक बाहेर काढून, दोन मिनिटांत लिहून, परत आत. मणी आणि फोटोचा खाण्याजोगा कागद तर शक्यतो घरी पोहोचल्यावर टेबलावरच लावायचा. छोट्या डबीत वेगळे न्यायला त्रास काहीच नाही.

साडेसहाला फ्रिजच्या आत खोकं बंद करायचं. थर्माकोलच्या डब्यात तळाला जाड टॉवेल, दोन बाजूंना बर्फ केलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या, त्याही कापडात गुंडाळलेल्या, म्हणजे खोक्याला ओल लागत नाही. मधे खोकं, वरून झाकण. स्कूटरवर डबा पाय ठेवायच्या सपाट जागेवर बसतो. सातला निघायचं, साडेसातच्या आत पोहोचायचं.

पोहोचल्यावर घरातली माणसं म्हणतात, "काढा ना ताई, बघू तरी." इथेच संयम लागतो. केक उघडा करून अर्धा तास ठेवला, तर आपण सकाळपासून केलेली सगळी काळजी वाया जाते. त्यांना सांगायचं, "पावणेआठला काढते, तोवर डबा बंदच राहू द्या." पाहुणे जमले, टोपी-फुगे झाले, चाकू-मेणबत्ती हातात आली, मुलाला टेबलाजवळ उभं केलं, की मग केक काढायचा. फोटो त्याच वेळी घ्यायचे, कारण पहिली पाच-सात मिनिटं केक सगळ्यात सुंदर दिसतो.

आणि पंखा. आपल्याला वाटतं, पंख्याने थेंब वाळतील. गार केकवर पंखा मारला तर दमट हवा सारखी नवीन येत राहते, आणि थेंब उलट लवकर धरतात. केक खोलीइतका कोमट झाल्यावरच पंख्याने तो वाळतो. म्हणून गार केकवर पंखा बंद, नाहीतर केक पंख्यापासून दूर.

आठला केक कापला. कापलेले तुकडे ताटलीत वाढून दहा-पंधरा मिनिटं गेली, की स्पंज जरा कोमट होतो, मऊ लागतो आणि पायनॅपलची चव नीट येते. अगदी बर्फासारखा केक तोंडात घातला तर गोडवा कमी लागतो, कारण फार गार जिभेला चव कमी कळते. पण अख्खा केक उघडा ठेवून कोमट करण्यापेक्षा तुकडे कोमट होऊ देणं सोपं. तुकडा लहान असतो, लवकर कोमट होतो, आणि त्यावरचं थोडं पाणी कोणी बघत नाही.

हीच ऑर्डर मे महिन्यात, उन्हाळ्यातल्या दुपारी असेल, तर दोन गोष्टी बदलतात. बर्फाच्या बाटल्या दोनऐवजी चार, आणि थर्माकोलचा डबा उन्हात मिनिटभरही ठेवायचा नाही. टेबलही बघून घ्यायचं. खिडकीतलं ऊन, पत्र्याच्या छपराखालचा मंडप, हॅलोजनचा दिवा, हे सगळं क्रीमला मारक आहे. 40 अंशांच्या मंडपात व्हिपिंग क्रीमच्या गुलाबांच्या कडा पंधरा-वीस मिनिटांत गोल व्हायला लागतात. तेव्हा कार्यक्रम मंडपात असला, तरी केक घरातल्या गार खोलीत डब्यातच ठेवायचा आणि कापायच्या वेळी न्यायचा.

आता बटरक्रीमचा केक. तो फ्रिजमधून बाहेर येताना घट्ट असतो. तसाच कापला तर क्रीमला तडे जातात आणि जिभेवर तुपाचा गोळा खाल्ल्यासारखा चिकट थर बसतो. शिवाय स्पंजमध्ये बटर असेल तर स्पंजही कोरडा, घट्ट लागतो. लोक म्हणतात केक शिळा आहे, पण बटर गारठलेलं असतं एवढंच. तेलाचा स्पंज मात्र फ्रिजमध्येही मऊ राहतो, कारण तेल त्या गारव्यात बटरसारखं घट्ट होत नाही. म्हणून फ्रिजमध्ये ठेवायचा केक असेल तर आम्ही तेलाचाच स्पंज पसंत करतो.

बटरक्रीमचा एक किलोचा केक पावसाळ्यात बंद खोक्यात, कापायच्या आधी दीड ते दोन तास काढून ठेवायचा. अर्ध्या किलोला एक तास पुरतो. खोकं मधे मधे उघडून बघायचं नाही, उघडलं की घाम आलाच. झालं की नाही हे कळण्यासाठी केकच्या खालच्या पुठ्ठ्याच्या तळाला हाताची मागची बाजू लावायची. गार लागत नसेल, जेमतेम थंडावा असेल, तर उघडायला हरकत नाही. मापच हवं असेल तर 20 ते 22 अंश ही बटरक्रीमची खाण्याची नेमकी वेळ. उन्हाळ्यात मात्र एवढा वेळ ठेवायचा नाही. बटर 30 अंशांच्या पुढे ढासळायला लागतं. भर मे महिन्यात गार खोलीत अर्धा तास पुरतो. फोंडंटने मढवलेला केक असेल तरी हाच बंद खोक्याचा नियम. फोंडंट साखरेचं असतं, पाणी ओढतं, चकाकतं आणि बोटाला चिकटतं.

एवढं करूनही केकवर पाणी दिसलं, तर आधी ते कुठलं पाणी आहे ते ओळखायचं. वरच्या बाजूला सगळीकडे सारखे बारीक थेंब असतील तर तो घाम. तळाला, पुठ्ठ्यावर कडेने पाण्याची रेघ जमली असेल, तर तो घाम नव्हे. साखरेचा पाक जास्त झाला, पायनॅपलचे तुकडे नीट निथळले नाहीत, किंवा क्रीम जास्त फेटलं गेलं आणि ते पाणी सोडतंय. तिसरं, गुलाबांचे टोकदार कोपरे गोल झाले, बाजू खाली सरकल्या, तर ते मऊ पडणं आहे.

घाम असेल तर बोट किंवा कापड फिरवायचं नाही, रंग पसरतो. टिश्यू पेपरचा कोपरा थेंबाला नुसता टेकवायचा, तो पाणी ओढून घेतो. फोंडंटला तेही करायचं नाही. केक कोमट झाल्यावर पंख्याखाली ठेवला की फोंडंट आपोआप कोरडं होतं, फक्त बोट लावायचं नाही. चॉकलेटच्या पानांवर पाणी वाळून पांढुरके ठिपके राहतात. ती बुरशी नसते, विरघळून परत बसलेली साखर असते, हे ग्राहकाला सांगता आलं पाहिजे. मऊ पडणं असेल तर केक खोक्यात घालून लगेच अर्धा तास फ्रिजमध्ये. आणि तळातलं पाणी असेल तर त्या दिवशी फक्त पुठ्ठा पुसता येतो, खरा उपाय पुढच्या केकला पाक मोजून घालणं हाच आहे.

शेवटचं, केक कापून उरतो त्याचं. घरोघरी तो झाकून ओट्यावर राहतो आणि सकाळी मुलं खातात. दूध-क्रीमचा केक फ्रिजच्या बाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त नको. हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. त्यानंतर तो दिसायला चांगला असला, वासही येत नसला, तरी त्यात जंतू वाढायला सुरुवात झालेली असते. लहान मुलांच्या पोटाला तो धोका आहे. म्हणून घरी फ्रिज नसलेल्या माणसांना आम्ही ऑर्डर घेतानाच सांगतो, माणसं मोजा आणि एका बसण्यात संपेल एवढाच केक घ्या. एक किलोऐवजी अर्धा किलोची ऑर्डर झाली तरी चालेल.

वीज गेली तर फ्रिजचं दार अजिबात उघडायचं नाही. दार बंद राहिलं तर फ्रिज साधारण चार तास गारवा धरून ठेवतो. उघडून बघितलं की तेवढीच दमट हवा आत जाते, आणि केकला आतच घाम फुटतो.

प्रत्येक खोक्यावर आम्ही एक चिठ्ठी चिकटवतो, तुम्हीही चिकटवा. त्यावर चारच ओळी असतात. केक व्हिपिंग क्रीमचा की बटरक्रीमचा. खोकं किती वाजता उघडायचं. पंखा बंद ठेवा. आणि उरलेला केक किती वाजेपर्यंत खायचा. चिठ्ठीवर वेळ घड्याळातली लिहा, "थोड्या वेळाने" असं लिहू नका. आठला कापायचा व्हिपिंग क्रीमचा केक असेल तर "पावणेआठला उघडा, पावणेदहापर्यंत संपवा", एवढं स्पष्ट. घरातल्या आजीलाही ते वाचून कळतं, आणि रात्री आठला फोन येतो तो केक आवडल्याचा असतो.

पुढच्या ऑर्डरीला खोकं फ्रिजच्या आतच बंद करून बघा. फरक तुमच्या डोळ्यांना दिसेल.